एसएसटीएफ की लिफ्ट: हेड कोणाचं कमी फिरतं, आणि ते मोजून कळतं काय?

तिसऱ्या_वर्षातला

ओएसच्या लॅबसाठी डिस्क शेड्युलिंगचं सिम्युलेशन लिहिलंय. सिलिंडर ० ते १९९, हेड १०० वर, रिक्वेस्ट या क्रमाने आल्यात: १५०, ९०, २०, १८५, १०५, ६०, ११८. हेडची एकूण हालचाल माझी अशी येते: आलेल्या क्रमाने जाणारा एफसीएफएस ५२८, सगळ्यात जवळची आधी उचलणारा एसएसटीएफ २८१, टोकापर्यंत जाऊन वळणारा स्कॅन २८५. रूममेटचा स्कॅन २७८ येतोय, बाकी दोन्ही आकडे सेम. मी निष्कर्षात 'एसएसटीएफ भारी' लिहिलंय आणि तो 'स्कॅन भारी' लिहून बसलाय. डेटा एकच. कोणाचं बरोबर, आणि व्हायवात काय सांगू?

टेस्टकेस_ताई

दोन्ही प्रोग्रॅम बरोबर आहेत. तुझं हेड आधी खाली जातंय, १०० वरून ० पर्यंत आणि तिथून वर १८५, म्हणून २८५. त्याचं आधी वर जातंय, १९९ पर्यंत ९९ आणि तिथून २० पर्यंत १७९, म्हणून २७८. प्रश्नात दिशा दिलेली आहे का ते बघ, नसेल तर सरांना विचार, आपल्या मनाने ठरवू नको.

आणि अजून एक, तुम्ही दोघंही हेडला रिकाम्या टोकापर्यंत पळवताय. २० च्या खाली कोणी नाही, १८५ च्या वर कोणी नाही, मग ० ला आणि १९९ ला जाऊन करायचं काय? स्कॅनला आपण लिफ्ट म्हणतो, पण गच्चीचं बटण कोणी दाबलं नसेल तर लिफ्ट गच्चीवर जात नाही. शेवटच्या रिक्वेस्टवरून वळलास की त्याला लुक म्हणतात. खाली आधी गेलास तर ८० + १६५ = २४५, वर आधी गेलास तर ८५ + १६५ = २५०. म्हणजे तुमच्या भांडणातले दोन्ही आकडे याच्यापुढे हरले.

खडूवाले_सर

बरीच वर्षं हा विषय शिकवतोय म्हणून लिहितो. लुक हा वेगळा अल्गोरिदम आहे, विद्यार्थ्याला स्कॅन विचारलाय. परीक्षेत स्कॅन म्हणजे टोकापर्यंत जाणं, नाहीतर मार्क कापले जातात. आणि हेडची एकूण हालचाल हा निकष लावला तर एसएसटीएफच सर्वोत्तम, कारण तो प्रत्येक पायरीला सगळ्यात जवळची रिक्वेस्ट उचलतो. प्रत्येक पायरी कमीत कमी, तर बेरीजही कमीत कमी. त्याचा दोष एकच, लांबच्या रिक्वेस्टची उपासमार. निष्कर्ष असा लिहावा की हालचालीत एसएसटीएफ, न्यायात स्कॅन. इथे २७८ आलं तो अपवाद समजा.

निखळ_गणित

सर, आदर ठेवून सांगते, 'प्रत्येक पायरी कमीत कमी म्हणून बेरीज कमीत कमी' हे चुकीचं आहे आणि याच डेटावर ते दिसतंय. एसएसटीएफचा रस्ता बघा: १०० वरून १०५, मग ११८, मग अचानक मागे ९०, ६०, २०, आणि मग १३० सिलिंडर ओलांडून १५०, शेवटी १८५. ५ + १३ + २८ + ३० + ४० + १३० + ३५ = २८१. सुरुवातीला १०५ आणि ११८ स्वस्तात मिळाले म्हणून तो वर गेला, पुढे त्याच पट्ट्यावरून त्याला परत जावं लागलं. तो वर जाऊन केलेला खर्च फुकट गेला.

आणि कमीत कमी किती येऊ शकतं ते काढायला अल्गोरिदम लागतच नाही. हेडला २० ला हात लावायचाच आहे आणि १८५ लाही. यातलं कुठलं तरी एक आधी होणार. आधी २० गाठलं तर कमीत कमी ८०, आधी १८५ गाठलं तर कमीत कमी ८५. त्यानंतर दुसऱ्या टोकापर्यंत १६५ चालावंच लागणार, कसंही करा. म्हणजे ८० + १६५ = २४५ च्या खाली कोणीच जाऊ शकत नाही, आणि जवळच्या टोकाकडे आधी वळलेला लुक बरोबर २४५ वरच येतो. मधल्या रिक्वेस्ट वाटेतच पडतात, त्यांचा वेगळा खर्च शून्य. सगळी यादी आधीच हातात असेल तर एसएसटीएफ फार तर बरोबरी करेल, पुढे कधीच जाणार नाही. अपवाद वगैरे काही नाही, हे दर वेळी खरं आहे.

खडूवाले_सर

मान्य, वाक्य सैल लिहिलं गेलं. पण तुम्ही एक चलाखी करताय. 'जवळच्या टोकाकडे आधी' हे लुक ठरवतो कुठे? लिफ्ट आधीपासून एका दिशेने चाललेली असते, तिला दिशा निवडायचा हक्क नाही. हेड १०० वर, दिशा वर, रांगेत ९५, ९० आणि १८० असं घ्या. एसएसटीएफ ५ + ५ + ९० = १०० मध्ये मोकळा. लुक वर १८० ला जाणार म्हणजे ८०, मग परत खाली ९० पर्यंत ९०, एकूण १७०. आता सांगा कोण जिंकलं. तुमचं २४५ ही खालची मर्यादा आहे, लुकचं उत्तर नाही.

टेस्टकेस_ताई

हा मुद्दा सरांचा खरा आहे बरं का. आणि असाइनमेंटमध्ये नेमकं हेच होतं, दिशा प्रश्न काढणाऱ्याने ठरवलेली असते आणि तीच निकाल ठरवते.

निखळ_गणित

दिशेचं बरोबर आहे, मी मघाशी 'जवळच्या टोकाकडे वळलेला' असं म्हणून अट घातलीच होती. पण मग उलटी केसही बघा, म्हणजे एसएसटीएफ आंधळेपणाने किती वाहवत जाऊ शकतो ते कळेल. हेड १००. रांगेत १०४, ९५, ११४, ७५, १५४.

१०४ चार पावलांवर, ९५ पाच पावलांवर, म्हणून १०४ ला जा. तिथून ९५ नऊ, ११४ दहा, म्हणून मागे ९५ ला. तिथून ११४ एकोणीस, ७५ वीस, म्हणून पुढे ११४ ला. तिथून ७५ एकोणचाळीस, १५४ चाळीस, परत मागे. आणि मग ७५ वरून १५४ ला ७९. एकूण ४ + ९ + १९ + ३९ + ७९ = १५०. प्रत्येक वेळी एका सिलिंडरच्या फरकाने चुकीच्या बाजूला वळतोय बिचारा आणि प्रत्येक उडी आधीच्या दुपटीहून मोठी. लुक खाली आधी गेला तर २५ + ७९ = १०४, वर आधी गेला तर ५४ + ७९ = १३३. म्हणजे लुकला चुकीची दिशा देऊनही एसएसटीएफ हरला.

हो, केस मुद्दाम रचलीय, तुमची पण रचलेलीच होती. एका यादीवरून कोण भारी हे ठरत नाही एवढंच मला म्हणायचंय.

एसएसडी_झिंदाबाद

कोणत्या जमान्यात आहात राव, २०२० च्या पुढे लॅपटॉपमध्ये फिरती डिस्क असते का? एसएसडीला हेडच नाही, मग एसएसटीएफ लावा नाहीतर लिफ्ट, उत्तर शून्य. सिलॅबस बदला, पोरांचा वेळ घालवू नका. माझा लॅपटॉप स्लो होता, एसएसडी टाकली, विषय संपला.

फिरती_तबकडी

भाऊ, तुमच्या लॅपटॉपचा प्रश्न नव्हता विचारला त्याने :) पण असो, डेटा सेंटरमध्ये, बॅकअपला, सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरमध्ये फिरत्या डिस्क ढिगाने आहेत कारण टेराबाइटमागे स्वस्त पडतात. स्टोरेजमध्ये काम करतो म्हणून थोडं लांबट लिहितो, मूळ वादात मला एक वेगळीच अडचण दिसतेय.

तुम्ही सगळे सिलिंडर मोजताय आणि मनात वेळ धरताय. हेड ४० सिलिंडर गेलं म्हणून त्याला १० सिलिंडरच्या चौपट वेळ लागत नाही. हात आधी वेग घेतो, मग ब्रेक मारतो, मग ट्रॅकवर स्थिरावतो, आणि छोट्या उडीत बहुतेक वेळ या सुरुवात-शेवटातच जातो. एचपी ९७५६० नावाची एक जुनी डिस्क आहे, १९६२ सिलिंडर, मिनिटाला ४००२ फेरे. रुम्लर आणि विल्क्स यांनी १९९४ मध्ये तिचं मॉडेल छापलं आणि पुढे किती तरी सिम्युलेटरमध्ये तेच वापरलं गेलं. सीकचा वेळ मिलिसेकंदात असा:

```python
from math import sqrt

def seek_ms(d):
    if d == 0:
        return 0.0
    if d < 383:
        return 3.24 + 0.400 * sqrt(d)
    return 8.00 + 0.008 * d
```

आता तुझीच यादी यात घाल. एसएसटीएफच्या सात उड्या मिळून साधारण ३८.८ मिलिसेकंद. लुक खाली आधी, ३८.४. बघितलंस? सिलिंडरमध्ये २८१ विरुद्ध २४५, म्हणजे बऱ्यापैकी मोठा फरक, आणि वेळेत अर्धा मिलिसेकंदसुद्धा नाही. कारण सात रिक्वेस्ट म्हणजे सात उड्या दोघांनाही, त्यातले ३.२४ गुणिले सात दोघांनाही भरावेच लागतात, आणि एसएसटीएफची ती १३० ची महाकाय उडी वर्गमुळात गेल्यावर तेवढी महाग राहत नाही. एफसीएफएसचे ५२८ सिलिंडर, म्हणजे लुकच्या दुपटीहून जास्त, पण वेळ ४६.४. दुप्पट नाही, पाचवा हिस्सा जास्त.

आणि वर फिरण्याचा वेळ वेगळाच. त्या डिस्कचा एक फेरा १५ मिलिसेकंदांचा, सेक्टर हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा धरला तर सात रिक्वेस्टना पन्नासहून जास्त मिलिसेकंद नुसते वाट बघण्यात. त्यात तुमचा अर्धा मिलिसेकंद कुठे शोधणार? म्हणून सिलिंडर मोजून 'हा भारी तो भारी' हे मला पटत नाही, माझ्या मते हा आकडा रिपोर्टमध्ये एकटा ठेवूच नये.

खडूवाले_सर

तुमचं सगळं ठीक आहे हो, पण तिसऱ्या वर्षाच्या मुलाला वर्गमूळ आणि फेऱ्यांचा हिशोब दिला तर अल्गोरिदम राहील बाजूला. एकूण हालचाल हे फळ्यावर हाताने काढता येतं, तपासता येतं, त्यात गुण देता येतात. आणि तुमच्या आकड्यांतही क्रम तोच राहिला की, लुक, एसएसटीएफ, एफसीएफएस. मग निकष वाईट कसा?

फिरती_तबकडी

क्रम इथे राहिला, दर वेळी राहीलच असं नाही. एकूण सिलिंडर सारखे असतील तर एक मोठी आणि बाकी बारीक अशा उड्यांना वेळ कमी लागतो, सगळ्या मध्यम असतील तर जास्त. वर्गमुळाचा तसाच स्वभाव असतो. एसएसटीएफ नेमका पहिल्या प्रकारचा, त्यामुळे सिलिंडरमध्ये थोडक्यात हरलेला एसएसटीएफ वेळेत पुढे गेला असं होऊ शकतं. फळ्यावर सिलिंडर मोजायला माझी हरकत नाहीच सर. पण निष्कर्षात 'वेगवान' हा शब्द लिहिला की हरकत आहे.

भाऊ_सर्व्हरवाले

मी थिअरीवाला नाही पण अनुभव सांगतो. पूर्वी एका ऑफिसात लिनक्स सर्व्हर होता, कर्नल २.४ वाला जमाना. रात्री बॅकअपसाठी मोठी फाइल कॉपी सुरू झाली की दुसऱ्या टर्मिनलवर साधं ls मारलं तरी स्क्रीन ढिम्म, चहा पिऊन या मग उत्तर. सीपीयू रिकामा, मेमरी रिकामी, डिस्कचा लाइट मात्र अखंड चालू. मॅनेजर म्हणायचा डिस्क खराब झाली, बदला. आम्ही बदलली पण. नवीन डिस्कवर पण तेच!! मग पुढे २.६ वर गेलो आणि तो त्रास गायबच झाला. हे तुमचं उपासमार प्रकरण हेच का?

फिरती_तबकडी

हो भाऊ, त्याच घराण्यातलं. कॉपी करणारा सलग सेक्टरवर लिहितोय, रांगेतल्या त्याच्या शेजारच्या रिक्वेस्ट संपता संपत नाहीत, आणि तुमच्या ls चा एक छोटा रीड डिस्कच्या दुसऱ्या कोपऱ्यात बसलाय. हालचाल कमी ठेवायची एवढंच डोक्यात असेल तर शेड्युलर म्हणणार आधी हे शेजारचे उरकू. २.६ मध्ये डेडलाइन शेड्युलर आला, त्यात रीडला ५०० मिलिसेकंद आणि राइटला ५ सेकंदांची मुदत असते. एरवी तो सेक्टरच्या क्रमानेच जातो, पण मुदत उलटली की क्रम सोडून त्या जुन्या रिक्वेस्टकडे हेड पाठवतो. म्हणजे मुद्दाम जास्त हालचाल करतो! आजही `cat /sys/block/sda/queue/scheduler` करून बघा, बऱ्याच मशीनवर mq-deadline दिसेल, तो याचाच वारस.

टेस्टकेस_ताई

मग मूळ मुलाच्या सिम्युलेशनला हे लागू होतं का? त्याच्याकडे तर सगळ्या रिक्वेस्ट एकदम हजर आहेत, नवीन कोणी येतच नाही. अशा यादीत उपासमार होऊच शकत नाही, कधी ना कधी सगळ्यांचा नंबर लागतो आणि लूप संपतो. तरी शंभर रिपोर्टमध्ये लिहिलेलं असतं की 'सिम्युलेशनवरून दिसते की एसएसटीएफमध्ये उपासमार होते'. कुठून दिसलं? पुस्तकातून दिसलं.

फिरती_तबकडी

ताई, नेमकं. म्हणून मी म्हणतो सिम्युलेशनमध्ये वेळ आणा, रिक्वेस्ट येत राहू द्या. साधी केस घे: हेड १००, रांगेत १८५ आणि ९७. एक रिक्वेस्ट उरकली की लगेच एक नवीन येते, नेहमी ९० ते ११० मध्ये कुठेतरी. एसएसटीएफ ९७ ला गेला, तेवढ्यात १०३ आली. १०३ सहा पावलांवर, १८५ अठ्ठ्याऐंशी पावलांवर. १०३ ला गेला, ९४ आली. परत तेच. नवीन रिक्वेस्ट जास्तीत जास्त २० सिलिंडर लांब असणार आणि १८५ कमीत कमी ७५ लांब, म्हणजे कितीही वेळ चालवा, १८५ चा नंबर लागणार नाही. लुक वर निघालेला असेल तर? १०० वरून वर जाताना वाटेतले उरकेल, ११० ओलांडलं की पुढे फक्त १८५, तिथे जाणारच.

आता गंमत बघ. हजार रिक्वेस्ट उरकल्या की थांब आणि एकूण हालचाल छाप. एसएसटीएफचा आकडा देखणा येणार, कारण त्याने १८५ ला जाऊन यायचा खर्च केलाच नाही! काम टाळलं आणि वर शाबासकी. म्हणून माझा जुना हट्ट, एकूण हालचालीशेजारी जास्तीत जास्त वाट किती बघावी लागली आणि शेवटी रांगेत कोण उरलं हे दोन आकडे छापलेच पाहिजेत. नुसता पहिला आकडा छापणारं सिम्युलेशन कामचुकाराला पहिला नंबर देतं.

खडूवाले_सर

पण मग हे मान्य करा की रिक्वेस्ट सतत येत असताना हालचालीत एसएसटीएफ पुढे असतो. डेनिंग यांचा १९६७ चा पेपर हेच सांगतो, एसएसटीएफची सरासरी चांगली पण स्कॅन जास्त समतोल. मी सुरुवातीला 'हालचालीत एसएसटीएफ, न्यायात स्कॅन' म्हटलं ते काय वेगळं होतं?

निखळ_गणित

वेगळं एवढंच की तुम्ही ते सात रिक्वेस्टच्या स्थिर यादीवरून म्हणत होता. तिथे ते उलटं आहे. सतत येणाऱ्या रांगेत बरंच खरं आहे. एकच वाक्य एका मॉडेलमध्ये बरोबर आणि दुसऱ्यात चूक, त्यामुळे मुलं गोंधळतात.

फिरती_तबकडी

सर, मला 'असतो' वर आक्षेप आहे. लोड किती यावर सगळं आहे. रिक्वेस्ट तुरळक येत असतील तर रांगेत एका वेळी एखादीच असते, मग निवडायला काही नाही, एफसीएफएस आणि एसएसटीएफ आणि लुक सगळे एकच रस्ता चालतात. रांग वाढली की फरक सुरू होतो. आणि फार वाढली की एसएसटीएफसुद्धा लिफ्टसारखाच वागायला लागतो, कारण ज्या बाजूने तो आला तिकडच्या रिक्वेस्ट त्याने आत्ताच उरकलेल्या असतात, जवळची रिक्वेस्ट बहुतेक पुढेच सापडते. फरक राहतो तो टोकांचा. एसएसटीएफमध्ये मधल्या सिलिंडरांची चंगळ, ० आणि १९९ च्या जवळचे रखडतात, कारण मध्याला दोन्हीकडे शेजारी असतात आणि टोकाला एकाच बाजूला.

१९८७ मध्ये गाइस्ट आणि डॅनियल यांनी तर या दोघांच्या मधला रस्ताच मांडला. एक आर नावाचा आकडा घ्यायचा, दिशा बदलायची असेल तर अंतरात आर गुणिले एकूण सिलिंडर एवढा दंड मिळवायचा आणि मग जवळची निवडायची. आर शून्य असेल तर शुद्ध एसएसटीएफ. आर एक असेल तर दंड इतका मोठा की दिशा बदलणं परवडतच नाही, म्हणजे लुक. त्यांनी ०.२ च्या आसपास सुचवलं, सरासरी आणि समतोल दोन्ही बऱ्यापैकी. म्हणजे हे दोन पक्ष नाहीतच मुळी, एकच बटण आहे, कुठवर फिरवायचं एवढाच प्रश्न.

एसएसडी_झिंदाबाद

वाचून डोकं गरगरलं, पण ते कामचुकारवालं पटलं. आमच्या टीममध्ये तिकिटं बंद करण्याचा आकडा असाच मोजतात, सोपी सोपी उचलतात सगळे.

तिसऱ्या_वर्षातला

खूप थँक्स सगळ्यांना. दिशा प्रश्नात दिलेलीच नाहीये, मी दोन्ही दिशांचे आकडे टाकतो आणि लुकचं वेगळं. माझं लुक असं आहे, बघा ना कोणी:

```python
def look(head, q, up=True):
    lo = sorted((c for c in q if c < head), reverse=True)
    hi = sorted(c for c in q if c >= head)
    total = 0
    for c in (hi + lo if up else lo + hi):
        total += abs(c - head)
        head = c
    return total
```

माझ्या यादीवर २५० आणि २४५ येतंय. आणि एसएसटीएफमध्ये दोन रिक्वेस्ट सारख्याच अंतरावर असतील तर कुठली घ्यायची?

टेस्टकेस_ताई

`c >= head` वर थांब. हेड १०० वर आहे, रांगेत १०० आणि ६०, दिशा खाली. तुझं फंक्शन आधी ६० ला जाणार आणि मग हेड जिथे बसलेलंच होतं त्या १०० साठी परत वर येणार, ८० दाखवणार. उत्तर ४० पाहिजे. हेडवरचीच रिक्वेस्ट असेल ती लूपच्या आधी उरक, अंतर शून्य. तुझ्या यादीत १०० नाही म्हणून हे दिसलं नाही, सरांनी दुसरी यादी दिली की दिसेल.

सारख्या अंतराचं पण साधं समजू नको. हेड १००, रांगेत ९०, ११०, १४०. आधी ९० घेतलंस तर १० + २० + ३० = ६०. आधी ११० घेतलंस तर तिथून ९० वीस आणि १४० तीस, म्हणून मागे ९० ला, मग १४० ला पन्नास, एकूण ८०. दोन्ही शंभर टक्के एसएसटीएफच. पायथॉनचं `min` सारख्यांमधलं यादीत आधी असलेलं उचलतं, म्हणजे तू यादी सॉर्ट करून दिलीस की एक उत्तर आणि आलेल्या क्रमाने दिलीस की कदाचित दुसरं. रिपोर्टमध्ये नियम लिहून टाक, जी आधी आली ती आधी, किंवा हेड चाललंय त्या दिशेची आधी.

खडूवाले_सर

परीक्षेत साधारणपणे चालू दिशेची घेतात. निदान आमच्याकडे तरी.

निखळ_गणित

सर, तुम्ही चालू दिशा म्हणताय, पण एसएसटीएफला दिशा नसते ना?

खडूवाले_सर

पहिल्या पायरीनंतर असते की. पहिल्या पायरीला सारखं अंतर आलं तर प्रश्नच चुकीचा काढलाय असं आम्ही म्हणतो आणि दोन्ही उत्तरांना मार्क देतो.

फिरती_तबकडी

हेच जरा ताणलं तर आर शून्याहून किंचित जास्त ठेवल्यासारखं झालं, दंड इतका बारीक की फक्त बरोबरी तोडतो. म्हणजे सर, तुमच्या कॉलेजात न सांगता गाइस्ट-डॅनियलच शिकवतात :)

आणि एक भोक लुकलाही आहे, ते राहिलंच. हेड ज्या सिलिंडरवर आहे त्याच सिलिंडरवर नवीन रिक्वेस्ट येत राहिल्या तर लुकही तिथेच चिकटून बसतो, पुढचे सगळे उपाशी. त्यासाठी रांग गोठवतात, एक फेरी सुरू झाली की नवीन आलेले पुढच्या फेरीला. मग हालचाल परत थोडी वाढते. पोरा, वेळ असेल तर माझ्या त्या ९० ते ११० वाल्या केसमध्ये लुकची दिशा आधी खाली ठेव, सगळ्या नवीन रिक्वेस्ट १०० वरच टाकून बघ आणि लुकमध्ये १८५ कधी उरकतो ते छाप.

तिसऱ्या_वर्षातला

उरकतच नाहीये, लूप थांबत नाही. Ctrl+C मारलं. सबमिशन उद्या आहे, गोठवलेली रांग आज बसत नाही, पण ही केस मात्र रिपोर्टमध्ये टाकतो.